प्रश्नपेढीला दोन खुणा : काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रत्येक सरावप्रश्नापुढे काठिण्य आणि विचाराची पातळी लिहायची, एवढीच ही पद्धत. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांनी सांगितलेल्या विचाराच्या सहा पातळ्या एकट्या विद्यार्थ्याला झेपत नाहीत. 'आकलन' की 'उपयोजन' या वादातच वेळ जातो. आठवणे, उपयोजन आणि विश्लेषण या तीन पुरतात.

काठिण्य ठरवताना मात्र बहुतेकांची गाडी घसरते. चुकलेला प्रश्न 'कठीण' आणि जमलेला 'सोपा' असं लिहिलं, की कठीण प्रश्नांत आपण कच्चे आहोत एवढंच तक्ता सांगतो, आणि ते तर खुणांशिवायही कळत होतं. म्हणून काठिण्य उत्तरापर्यंत लागणाऱ्या पायऱ्यांवरून ठरवा: एक पायरी सोपा, दोन-तीन मध्यम, त्यापुढे कठीण. बरोबर की चूक यासाठी 'निकाल' हा वेगळा रकाना ठेवा. प्रश्नातल्या क्रियापदावरही जाऊ नका. 'स्पष्ट करा' असं विचारलेलं उत्तर पाठ असेल तर ते आठवणेच.

स्प्रेडशीटच्या रकाना B मध्ये धडा, C मध्ये पातळी, D मध्ये काठिण्य असेल, तर एका चौकटीतले, म्हणजे एका धड्यातले एकाच पातळीचे आणि एकाच काठिण्याचे, प्रश्न असे मोजता येतात:

```
=COUNTIFS(B:B,"विद्युतधारा",C:C,"विश्लेषण",D:D,"सोपा")
```

खुणा हाताने टाइप करू नका, ड्रॉपडाउनमधूनच निवडा. शब्दामागे एक मोकळी जागा राहिली तरी तो प्रश्न मोजला जात नाही आणि चौकट उगाच रिकामी दिसते.

समजा, विद्युतधारेच्या धड्यावर 40 प्रश्न आहेत: आठवणे 20, उपयोजन 17, विश्लेषण 3, आणि ते तिन्ही कठीण. विश्लेषण चुकतंय असं दिसतं, पण ते पायऱ्यांमुळे की विचारामुळे, हे कळायला मार्ग नाही. इथे सोपे विश्लेषण हवं. उदाहरणार्थ, 6 व्होल्टच्या आदर्श बॅटरीला 6 आणि 3 ओहमचे रोध समांतर जोडले आहेत. 3 ओहमचा काढून तिथे 6 ओहमचा लावला, तर पहिल्या रोधातली धारा बदलेल का? विभवांतर तेच, म्हणून ती 1 अँपिअरच राहते. फक्त एकूण धारा 3 वरून 2 वर येते. 'वाढेल' असं उत्तर आलं, तर बॅटरी ठरावीक धाराच देते हा गैरसमज आहे. चाळीस प्रश्नांत तो पकडणारा एकही नव्हता, आणि असे प्रश्न तयार संचांत फारसे सापडतही नाहीत. ते स्वतःच रचावे लागतात.

दुसऱ्यांदा सोडवलेल्या प्रश्नाची पातळी घसरते. उत्तराचा मार्ग लक्षात असतो, म्हणून विश्लेषणाचा प्रश्न आठवण्याचा होऊन बसतो. अशा वेळी आकडे किंवा जोडणी बदलून नवी ओळ करा, जुन्या ओळीचा निकाल पुसू नका. आणि ज्या चौकटीत दोन-तीनच प्रश्न आहेत, तिथल्या निकालावरून काहीही ठरवू नका.