सोसायटीची एक्सेल फाइल मराठीत: फक्त मथळे बदलावेत की शीटची नावंही?

विकास सोसायटीच्या गटसचिवांना पडणारा हा प्रश्न आहे.

मेहनत: फक्त मथळे बदलायला अर्धा तास पुरतो. शीटची नावं बदलली तरी साधी सूत्रं आपोआप जुळवून घेतात, पण INDIRECT मध्ये अवतरणात लिहिलेलं नाव तसंच राहतं आणि #REF! दिसतं. नाव ३१ अक्षरांत बसवा. काना-मात्राही त्यात मोजल्या जातात.

धोका: खरी चूक दोन्हींत एकच, आणि ती दिसत नाही. खतावणीच्या C स्तंभातल्या ड्रॉपडाउन यादीतलं Loan बदलून "कर्ज" केलं, पण सूत्र असं राहिलं:

```
=SUMIF('खतावणी'!C:C,"Loan",'खतावणी'!D:D)
```

एरर येत नाही, नव्या नोंदी बेरजेत धरल्याच जात नाहीत. म्हणून "कर्ज" हा शब्द सूत्राच्याच शीटवर H1 मध्ये ठेवा आणि सूत्रात "Loan" ऐवजी $H$1 लिहा. जुन्या नोंदींतलं Loan फाइंड-रिप्लेसने बदला, मात्र फक्त C स्तंभ निवडून, म्हणजे सूत्रांना धक्का लागणार नाही. आधीची आणि नंतरची एकूण कर्जबाकी जुळलीच पाहिजे.

फाइलमध्ये मॅक्रो किंवा INDIRECT असेल, तर शीटची नावं इंग्रजीच ठेवा. साधी बेरीज-वजाबाकी असेल आणि संचालक स्वतः फाइल उघडून पाहत असतील, तर सगळं मराठीत करा.