प्रिंट केलेल्या डबीची लिव्हिंग हिंज: जाडी, फिलामेंट आणि दिशा कशी ठरवावी

डबी आणि झाकण एकाच थ्रीडी प्रिंटमध्ये काढायचं, मधे पातळ पट्टी ठेवायची आणि तीच बिजागरी म्हणून वापरायची, हे डिझाइन दिसायला सोपं आहे. पट्टी टिकणार की चार-पाच वेळा वाकवल्यावर हातात येणार, हे मात्र प्रिंट सुरू करण्याआधीच ठरलेलं असतं. तुलनेसाठी एकच डबी घेऊ: स्क्रू ठेवायची, खालचा भाग १५ मिमी उंच, झाकण ५ मिमी, प्रिंटर साध्या ०.४ मिमी नोझलचा.

सुरुवात जाडीपासून करावी, कारण फिलामेंटची निवड तिच्यावर अवलंबून आहे. पट्टी वाकली की तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो. किती, ते जाडी आणि वाकणाऱ्या भागाची लांबी यांच्या गुणोत्तरावरून कळतं. लांबी म्हणजे डबीकडून झाकणाकडे जाणारं अंतर.

```
काटकोनात वाकताना:  ताण % ≈ 79 × जाडी ÷ लांबी
पूर्ण दुमडताना:      ताण % ≈ 157 × जाडी ÷ लांबी
```

०.४ मिमी जाड आणि ४ मिमी लांब पट्टी काटकोनात वाकवली तर ताण साधारण ८ टक्के येतो. जाडी ०.६ केली की तो १२ टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणजे मजबुतीसाठी पट्टी जाड करणारा माणूस ती लवकर तोडण्याचीच सोय करत असतो. उलट ०.२ मिमीला ताण ४ टक्केच येतो, पण तेवढ्या जाडीत एकच थर बसतो. पहिल्या थरात दोन रेघांमध्ये कुठे फट राहिली, तर पट्टी तिथेच उसवते. म्हणून मी ०.२ मिमीचे दोन थर, म्हणजे ०.४ मिमी, हीच जाडी सुचवेन आणि ताण कमी करायचा तर लांबी वाढवायला सांगेन. स्लायसरमधली पहिल्या थराची उंची तेवढी तपासा. ती ०.३ असेल तर मॉडेलमधली ०.४ मिमीची पट्टी प्रत्यक्षात ०.३ किंवा ०.५ ची होते.

आता हा ८ टक्के ताण कोणाला झेपतो ते पाहू. पीएलए साधारण ३ ते ६ टक्क्यांतच तुटतो, त्यामुळे तो इथे बसतच नाही. लांबी दुप्पट करून ताण ४ टक्क्यांवर आणला तरी धोका राहतो, कारण वाकलेल्या अवस्थेत बराच काळ ठेवलेला पीएलए आपोआप तडकू शकतो आणि बंद डबीची पट्टी तर कायम वाकलेलीच असते. डबी पीएलएचीच हवी असेल तर पिन घातलेली साधी बिजागरी करा, हे माझं स्पष्ट मत आहे.

पीईटीजी मधला पर्याय आहे. पाचेक टक्क्यांच्या पुढे तो कायमचा वाकायला लागतो, पट्टीवर पांढरी रेघ उमटते आणि दर वाकण्याला ती रेघ थोडी थोडी खचत जाते. अधूनमधून उघडायच्या डबीला तो चालतो, मात्र वाकणारा भाग ६–८ मिमी ठेवावा.

रोज उघडायची डबी असेल तर पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. शाम्पूच्या बाटलीचं उघडमीट करणारं झाकण बहुतेक वेळा याचंच असतं. त्रास वेगळाच आहे: पीपी नेहमीच्या बेडवर चिकटत नाही आणि कोपरे उचलले जातात. बेडवर पारदर्शक पॅकिंग टेप लावली की तो धरतो, कारण ती टेपही बहुधा पॉलिप्रोपिलीनचीच असते. मग काढताना तो इतका घट्ट बसलेला असतो की पातळ पट्टी ओढली जाऊन फाटू शकते. म्हणून टेप डबीच्या बाजूने सोडवत यावं, पट्टीच्या बाजूने कधीच नाही. नायलॉनही पट्टीसाठी उत्तम, फक्त फिलामेंट नीट वाळवलेलं हवं. टीपीयूची पट्टी तुटणार नाही, पण अख्खी डबीच लिबलिबीत होईल. ती वेगळी छापून खाचेत अडकवायची असेल तरच तो घ्यावा.

दिशेचा नियम एकच: प्लास्टिकच्या रेघा डबीकडून झाकणाकडे सलग गेल्या पाहिजेत. पट्टी उभी छापली आणि वाकण्याची रेषा बेडला समांतर आली, तर प्रत्येक वाकण्यात थर एकमेकांपासून ओढले जातात आणि पट्टी थरांच्या सांध्यावर सरळ रेषेत तुटते. या बाबतीत पीपीसुद्धा वाचवत नाही.

त्यामुळे खरी निवड तीन मांडण्यांत आहे. डबी आणि झाकण शेजारी-शेजारी कुशीवर उभे करून वाकण्याची रेषा उभी ठेवली, तर प्रत्येक थर म्हणजे आडवी जाणारी एक सलग रेघ असते. पट्टी चांगली होते, पण वर येणाऱ्या बाजूच्या भिंतीला सपोर्ट लागतो. दुसरी मांडणी दोन्ही भाग उताणे ठेवून काठाजवळ हवेत पूल काढण्याची. पुलाच्या रेघा आपोआप योग्य दिशेने जातात. पण त्यासाठी दोन्ही काठ सारख्याच उंचीवर हवेत. आपल्याकडे १५ आणि ५ मिमी आहेत, त्यामुळे झाकण सपोर्टवर उचलावं लागेल. दोन्ही अर्धे भाग सारखे खोल असतील तर मात्र मी हीच मांडणी घेईन. तेव्हा ६ मिमीचा पूल काठाच्या जवळजवळ २ मिमी खाली जोडावा, म्हणजे बंद केल्यावर त्याला व्यवस्थित अर्धवर्तुळ व्हायला जागा मिळते.

आपल्या डबीला तिसरी मांडणी योग्य: पट्टी थेट बेडवर, दोन्ही तळांना जोडणारी. बंद करताना ती पुस्तकाच्या कण्यासारखी मागून वर येते आणि दोनदा काटकोनात वाकते. कण्याची लांबी २० मिमी धरली तर झाकण बसत नाही. ४ मिमीचा वाकणारा भाग काटकोनात वळून सुमारे २.५ मिमीच उंची भरतो. म्हणून ४ मिमी लांबीचा पातळ भाग, १५ मिमी लांबीचा ताठ पट्टा आणि पुन्हा ४ मिमी लांबीचा पातळ भाग, असे एकूण २३ मिमी लागतात. मधला भाग १.६ मिमी जाड ठेवा. सगळा कणा पातळ ठेवला तर झाकण हेलकावे खातं, नीट जागेवर बसत नाही.

स्लायसर बहुधा सपाट थर ४५ अंशांत भरतो आणि दर थराला दिशा पालटतो. प्रुसास्लायसरमध्ये तळाच्या आणि वरच्या थरांसाठी `Aligned Rectilinear` निवडून `Fill angle` बदलता येतो; क्युरामध्ये `Top/Bottom Line Directions` मध्ये `[0]` किंवा `[90]` द्या. मग प्रिव्ह्यूमध्ये पहिले दोन थर मोठे करून बघा. पहिला थर बहुधा सलग असतो. दुसऱ्यात पट्टीचा भाग 'वरचा पृष्ठभाग' म्हणून वेगळा भरला जाऊ शकतो आणि रेघा नेमक्या पट्टीच्या मुळाशी संपतात. मॉडेलमध्ये मुळाशी छोटा उतार दिला, म्हणजे जाडी एकदम न वाढता दोन-तीन थरांत वाढली, की रेघा संपल्या तरी त्या सर्वात जास्त वाकणाऱ्या जागेवर संपत नाहीत.

पीपीची पट्टी बेडवरून निघाल्यावर थोडी कोमट असतानाच हळूहळू पूर्ण दुमडून पाच-सहा वेळा उघडमीट करा. पातळ भागभर एकसारखी पांढुरकी छटा आली तर ताण पसरला आहे. मुळाशी एकच बारीक, ठळक पांढरी रेघ दिसली तर सगळं वाकणं तिथेच होतंय आणि ती पट्टी तिथेच जाणार. अशा वेळी जाडी नका वाढवू. दोन्ही पातळ भाग प्रत्येकी ६ मिमी करा, मधला पट्टा साधारण १२.५ मिमीवर आणा आणि पुन्हा छापा.