मोपा–मुंबई–लंडन: एकच तिकीट की मुंबईपासून वेगळं?

म्हापशाहून लंडनला निघालेल्यापुढे दोन वाटा: मोपा–मुंबई–लंडन एकच तिकीट, किंवा थिवीहून रेल्वेने मुंबई गाठून तिथून विमान. पहिलं कधीकधी नुसत्या मुंबई–लंडनपेक्षाही स्वस्त निघतं, कारण भाडं ही तुकड्यांची बेरीज नसते; ते दोन टोकांमधल्या स्पर्धेवर ठरतं.

भाडं मैलांच्या नियमाचं असेल, म्हणजे ठरलेल्या मैलांच्या मर्यादेत वळून जाता येत असेल, तर वळसा मोजतात. समजा मर्यादा 6000 मैल आणि मार्ग 6250 भरला, तर 5 टक्के अधिभार. 25 टक्क्यांपलीकडे गेलात की भाडं मधल्या ठिकाणी तोडून तुकड्यांची बेरीज करावी लागते. मुंबईत 24 तासांहून जास्त थांबलात तर मधल्या महाग भाड्याची तपासणी, म्हणजे मुंबई–लंडनचं भाडं जास्त असेल तर तेच आकारणं, लागू शकते आणि स्वस्ताई तिथंच संपते.

मोपाचा टप्पा सोडून थेट मुंबईत चढायचं? नकोच, पुढचं तिकीट सहसा रद्द होतं.

सामान थेट लंडनला जावं, विमान चुकल्यास सोय व्हावी असं वाटत असेल तर एकच तिकीट. मुंबईत दोन दिवसांचं काम असेल तर वेगळं.