फँटम चालू केलं की आवाज तुटायचा: बस पॉवरवरच्या दोन चॅनेलच्या ऑडिओ इंटरफेससोबत काही महिने

प्रीअँप शांत आहेत, लेटन्सी ठीक आहे, हे सगळं तुम्ही इतरत्र वाचलंच असेल. मला बोलायचंय ते एकाच गोष्टीवर: या इंटरफेसला वेगळ्या अ‍ॅडॉप्टरसाठी जॅक नाही. जे काही लागतं ते यूएसबीच्या ५ व्होल्टमधूनच. माझ्या दृष्टीने ही या इंटरफेसमधली सर्वांत मोठी उणीव आहे आणि अजूनही मी त्यावर चिडलेलो आहे.

त्रास असा: फँटम, म्हणजे कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट, चालू केले की काही मिनिटांनी टिक-टिक, आणि अधूनमधून इंटरफेस दोन सेकंद गायबच. चांगला टेक वाया. सर्व्हिस सेंटरचं उत्तर, "ड्रायव्हर पुन्हा टाका, नाहीतर पाठवून द्या." पाठवायचं तर महिनाभर काम बंद.

ड्रायव्हरवर शंका असेल तर आधी बफर वाढवून बघा. मी १२८ वरून १०२४ केला. त्याने टिक-टिक थांबली असती तर दोष कॉम्प्युटरला वेळेत काम न जमण्याचा होता. काहीच फरक पडला नाही, म्हणजे दोष वायरीच्या बाजूला. यूएसबी ऑडिओत पॅकेट खराब झालं की ते पुन्हा मागितलं जात नाही, तो तुकडा गेलाच. आणि इंटरफेस गायब होतो तेव्हा सिस्टिम तसं नोंदवते. लिनक्सवर हे चालू ठेवा:

```
sudo dmesg -w
```

आवाज गेला त्याच क्षणी `USB disconnect` दिसलं, तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला दोष देण्यात वेळ घालवू नका.

माझा इंटरफेस साध्या, अ‍ॅडॉप्टर नसलेल्या हबवर होता, शेजारी एक्स्टर्नल ड्राइव्ह. यूएसबी २.० च्या अशा हबला स्वतःलाच वरच्या पोर्टमधून जेमतेम ५०० मिलीअँपिअर मिळतात. नियमाप्रमाणे तो खालच्या प्रत्येक पोर्टला फक्त १०० चं आश्वासन देतो. माझा इंटरफेस फँटमशिवाय ३८० आणि फँटमसह ४५० घेतो. ड्राइव्ह लिहायला लागली की आवाज तुटायचा, आणि ड्राइव्ह काढली की त्रास कमी व्हायचा. म्हणून अ‍ॅडॉप्टरवाला हब घेतला. ड्राइव्हचा संबंध संपला, पण फँटमवर टिक-टिक राहिलीच. हबच्या पोर्टमध्ये लावलेला यूएसबी मीटर ४.९८ व्होल्ट दाखवत होता. तेव्हा माझं ठाम मत झालं होतं की इंटरफेसच सदोष आहे.

हे मत बदललं ते मीटरची जागा बदलल्यावर. पोर्टपाशी लावलेला मीटर पोर्टचं व्होल्टेज दाखवतो, इंटरफेसपर्यंत किती पोचलं ते नाही. टाइप-सी मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला, इंटरफेसच्या तोंडाशी लावला, तर फँटमसह ४.३८ व्होल्ट! मधले ०.६ व्होल्ट तीन मीटरच्या केबलने खाल्ले होते. हिशोब सरळ आहे. बारीक २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. वीज जाते आणि परत येते, म्हणजे सहा मीटर, सुमारे १.२८ ओहम. ०.४५ अँपिअरवर ०.५८ व्होल्ट गेले, बाकीचं जोडाच्या टोकांत. एक मीटरची, पॉवरच्या तारा २४ गेजच्या असलेली केबल लावली, तर त्याच टोकाला ४.८८ व्होल्ट. गेज बहुतेक केबलवर बारीक अक्षरांत छापलेला असतो, `28AWG/1P+24AWG/2C` असा. त्यातला दुसरा आकडा पॉवरच्या तारांचा. तो जितका लहान, तितकी तार जाड.

मीटर सरासरी दाखवतो, क्षणिक घसरण त्याला दिसत नाही, म्हणून आकड्यावर थांबू नका. खात्रीसाठी १ किलोहर्ट्झचा सलग टोन आउटपुटमधून काढून लाइन इनपुटला दिला आणि माइक दुसऱ्या इनपुटवर फँटमसह चालू ठेवला, म्हणजे भार खरा राहतो. रेकॉर्डिंग स्पेक्ट्रोग्राममध्ये उघडा. एकसारखी आडवी रेघ हवी. जिथे पॅकेट गेलं तिथे उभी रेघ उमटते. जुन्या केबलवर उभ्या रेघा होत्या, नव्या केबलवर नाहीत. मग जुनी केबल कॉम्प्युटरच्या पोर्टला थेट लावली, तर रेघा परत आल्या. दोष हबसोबत राहिला नाही, केबलसोबत गेला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर हे कळणार नाही.

आता इंटरफेस आखूड केबलने थेट पोर्टवर आहे, ड्राइव्ह हबवर. आवाज तुटत नाही, त्यामुळे माझी तक्रार इंटरफेसवरून केबलवर सरकली आहे, आणि ती तीन मीटरची केबल आता प्रिंटरला लावली आहे, तिथे तिला काही त्रास नाही. तरी अ‍ॅडॉप्टरचा जॅक असता तर या केबलने मला छळलं नसतं. दोन माइक फँटमवर चालवणार असाल तर पाठीमागे जॅक आहे का ते बघूनच घ्या.