रात्रपाळीची गैरहजेरी: थांबवून घेणे की राखीव गट?

समजा, पावसाने लोकल बंद पडल्या आणि मुंबईतील एका रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका पोहोचली नाही. दुपारी २ वाजता आलेल्या परिचारिकेलाच सकाळी ८ पर्यंत थांबवून घेतले, तर सलग १८ तासांचे काम होते आणि पुढच्या दुपारपाळीपूर्वी तिला जेमतेम ६ तास उरतात, ज्यांत घरी जाणे-येणेही आले; म्हणजे आजची उणीव उद्यावर ढकलली जाते.

दोन-तीन विभागांत प्रशिक्षित असलेल्या राखीव परिचारिकेची रात्रपाळी मात्र वेळापत्रकात आधीच लिहिलेली असते, त्यामुळे तिची विश्रांती अबाधित राहते. हाच पर्याय मला योग्य वाटतो. परंतु त्याच गटातून ठरलेल्या रजाही भरू लागल्यास अचानक गरजेच्या रात्री राखीव कोणीच उरत नाही.