टँकरच्या 128 फेऱ्या आणि तीन साचे: नीतिशास्त्राच्या केस स्टडीसाठी कोणता घ्यावा?

यूपीएससीच्या सामान्य अध्ययन पेपर 4 मध्ये गेली काही वर्षं सहा केस स्टडी येतात. प्रत्येकी 20 गुण, म्हणजे 250 पैकी 120. उरलेले 130 गुण पहिल्या भागातल्या दहा-दहा गुणांच्या तेरा प्रश्नांचे. तीन तासांची गुणांच्या प्रमाणात वाटणी केली तर एका केसला चौदा-साडेचौदा मिनिटं मिळतात, आणि त्यात केस वाचणंही आलं. शब्दमर्यादा 250. 2025 च्या राज्यसेवेपासून एमपीएससीनेही वर्णनात्मक पद्धत घेतल्यामुळे आता हा प्रश्न मराठीतून लिहिणाऱ्या बऱ्याच जणांपुढे आहे: केस स्टडीसाठी साचा पाठ करायचा, तर कोणता?

अभ्यासिकांमधून तीन साचे फिरतात. मी स्वतः पहिला वापरून एक मुख्य परीक्षा दिली आणि पुढची दुसऱ्याने. आता धाकट्या मित्रमैत्रिणींच्या वह्या तपासतो तेव्हा तिन्ही दिसतात. एकच केस तिन्हींतून काढून बघू. केस सरावासाठी रचलेली आहे.

तुम्ही दुष्काळी तालुक्यात गटविकास अधिकारी आहात. एप्रिल संपला आहे. एकाच ठेकेदाराचे नऊ टँकर रोज दोन फेऱ्या करतात, म्हणून महिन्याच्या 540 फेऱ्यांचं बिल टेबलावर आलं आहे. कार्यालयातला कनिष्ठ सहाय्यक दार लावून सांगतो की जीपीएसच्या नोंदीत 412 च फेऱ्या दिसतात, पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका. ठेकेदार सभापतींचा नातेवाईक आहे. वरिष्ठ फोनवर म्हणतात, ‘सही करून टाका, पावसाळ्यानंतर बघू.’ बिल अडलं तर उद्यापासून टँकर बंद, असा निरोप ठेकेदाराच्या माणसाने देऊन ठेवला आहे. प्रश्न: (अ) यात कोणते नैतिक मुद्दे आहेत? (आ) तुमच्यापुढचे पर्याय गुणदोषांसह तपासा. (इ) तुम्ही काय कराल आणि का?

पहिला: पूर्ण साचा

हा सगळ्यांत लोकप्रिय. हितसंबंधी, नैतिक पेच, गुंतलेली मूल्यं, पर्याय, कृती, समारोप असे सहा मथळे, आणि कुठलीही केस आली तरी हाच क्रम. त्याचा खरा फायदा असा की हात थांबत नाही. परीक्षेच्या दिवशी दुपारी डोकं बधिर झालेलं असतं, तेव्हा पहिली ओळ कुठून सुरू करायची हे ठरलेलं असणं लहान गोष्ट नाही.

पण वरच्या केसवर तो चालवून बघा. हितसंबंधी: मी, गावकरी, ठेकेदार, सहाय्यक, वरिष्ठ, सभापती, शासन, समाज. झाले आठ. मूल्यं: सचोटी, निःपक्षपातीपणा, करुणा, धैर्य, उत्तरदायित्व. मग पेच. इथवर शंभराच्या वर शब्द गेले आणि तपासणाऱ्याला प्रश्नपत्रिकेत नसलेली एकही गोष्ट कळली नाही. पाच गुणांच्या मजकुरावर अर्धं उत्तर खर्च झालं. (इ) ला उरतात साठ-सत्तर शब्द, आणि त्यांत ‘चौकशी समिती नेमेन, दोषींवर कारवाई करेन, जनजागृती करेन’ एवढंच मावतं.

यातली हितसंबंधींची यादी मात्र वाया घालवायची गरज नाही. नुसतं नाव लिहू नका, त्याचं काय पणाला लागलं आहे ते सोबत लिहा. ‘वाडीवरच्या बायका: टँकर चुकला तर पुढची खेप डोक्यावरून.’ ‘सहाय्यक: नाव फुटलं तर बदली, कदाचित त्याहून वाईट.’ असे चारच घ्या. समाज आणि शासन प्रत्येक केसमध्ये असतात, म्हणून ते लिहून काही सांगितल्यासारखं होत नाही. जाता जाता: ‘भागधारक’ हा शब्द मी टाळतो, तो वाचला की कंपनीचे शेअर डोळ्यांपुढे येतात. ‘हितसंबंधी’ बरा.

दुसरा: प्रश्नामागून जाणारा साचा

यात मथळे तुमचे नसतात. (अ), (आ), (इ) हेच मथळे, आणि साचा प्रत्येकाच्या पोटात घालायचा. (अ) मध्ये हितसंबंधी आणि पेच एकत्र येतात, (आ) मध्ये प्रत्येक पर्यायाला दोन ओळी, आणि (इ) ला किमान शंभर शब्द राखून ठेवायचे.

याचा कस लागतो तो पेच लिहिताना. बऱ्याच वह्यांत पेच असा दिसतो: ‘प्रामाणिकपणा विरुद्ध भ्रष्टाचार’. हा पेच नव्हे, मोह आहे. त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. दोन्ही बाजूंना रास्त मागणी असते तेव्हाच पेच होतो. या केसमध्ये तसे दोन आहेत. सार्वजनिक पैशाची राखण करायची की उद्याचं पाणी चालू ठेवायचं? आणि खरं बाहेर काढायचं की ज्याने विश्वासाने सांगितलं त्याला जपायचं? वरिष्ठांचा फोन हा तिसरा पेच वाटतो, पण तोंडी सूचना लेखी करून मागणं सेवावर्तणुकीच्या नियमांत बसतं, म्हणून तो कार्यपद्धतीने सुटतो. हा फरक उत्तरात एका वाक्यात दाखवता आला, तर केस समजली आहे हे तपासणाऱ्याला कळतं.

आता (इ). ‘समतोल दृष्टिकोन’ म्हणजे अर्धं-अर्धं, असा एक गैरसमज वह्यांमध्ये ठाण मांडून बसला आहे. एका वहीत मी ‘ठेकेदाराला तूर्त निम्मं बिल देईन’ असं वाचलं आहे. निम्मं कशाच्या आधारावर? इथे समतोल क्रमात आणि प्रमाणात आहे. आधी ठेकेदाराच्या हातातली दोरी काढून घ्यायची: त्याच दिवशी तहसीलदारांकडे पर्यायी टँकरची मागणी आणि जवळच्या खासगी विहिरी अधिग्रहित करण्याचा प्रस्ताव. टंचाईत हा नेहमीचा उपाय आहे, तरी उत्तरांत क्वचित दिसतो. मग पडताळलेल्या 412 फेऱ्यांची रक्कम मंजूर करायची, कारण ते पाणी पोहोचलं आहे आणि तो पैसा त्याचा आहे. उरलेल्या 128 रोखायच्या, पण दोषी ठरवून नाही. जीपीएस यंत्र बंद पडतं, डोंगरात संपर्क तुटतो. म्हणून टँकरची लॉगबुकं आणि त्यांवरच्या गावकऱ्यांच्या सह्या ताडून बघायच्या आणि ठेकेदाराला लेखी खुलाशाची संधी द्यायची. तपासणी तालुक्यातल्या सगळ्या टँकरची आणि नोंदींच्या आधारे करायची, म्हणजे तक्रार कोणाची हा प्रश्नच उठत नाही आणि सहाय्यक आपोआप झाकला जातो. वरिष्ठांना या सगळ्याची टिपणी पाठवायची, तीत फोनवरच्या सूचनेचा सभ्य उल्लेख करून लेखी आदेश मागायचा.

या टप्प्यावर बरेच जण ‘जागल्या संरक्षण कायद्याने सहाय्यकाला संरक्षण देईन’ असं लिहितात. तो कायदा 2014 मध्ये मंजूर झाला, पण अंमलात आणण्याची अधिसूचना वर्षानुवर्षं निघालेली नाही. राष्ट्रीय महामार्ग प्रकल्पातल्या गैरव्यवहाराची तक्रार करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची 2003 मध्ये गयेत हत्या झाली, त्यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. सहाय्यकाची भीती किती खरी आहे हे सांगायला हे उदाहरण एका ओळीत चालतं, कायद्याचं नाव चालत नाही.

या साच्याचा तोटाही आहे. केस नीट वाचली नसेल तर तो तुम्हाला वाचवत नाही. प्रश्नात (अ)-(आ)-(इ) असे उपविभाग नसतील, नुसतं ‘तुम्ही काय कराल?’ असेल, तर कणा तुम्हालाच उभा करावा लागतो. नवख्याची तिथे तीन-चार मिनिटं सहज जातात.

तिसरा: पर्यायांचा तक्ता

उभे रकाने तीन: पर्याय, गुण, दोष. आडव्या ओळी चार: सही करणे, पूर्ण बिल अडवणे, वरिष्ठांवर सोपवणे, अंशतः मंजुरी आणि चौकशी. दिसायला सुटसुटीत, आणि (आ) सारखा प्रश्न असेल तर याहून जलद काही नाही. प्रश्नात पर्याय विचारलेच नसतील तर हा साचा विसरा. एक खोड त्याला जन्मजात आहे: पहिले तीन पर्याय मुद्दाम पडायला उभे केलेले असतात. ‘सही करणे’ याच्या गुणांच्या रकान्यात ‘काही नाही’ लिहिलंत तर पेच उरलाच नाही. सही केली तर पाणी एक दिवसही थांबत नाही, हा खरा गुण आहे आणि तो लिहायलाच हवा. मग दोषात लिहा की पुढच्या महिन्यात 128 च्या जागी 200 फेऱ्या कागदावर धावतील.

मग कोणी काय घ्यावं

मुख्य परीक्षेला पाच-सहा महिने असतील तर दुसरा घ्या, पण सुरुवातीच्या दहा-बारा केस पहिल्या साच्याने घरी, वेळ न लावता लिहा. तो परीक्षेत लिहिण्यापेक्षा कच्च्या कागदावर विचार करायला जास्त चांगला आहे. कोण सुटलं, कोणतं मूल्य नजरेआड झालं हे त्यात लगेच दिसतं. परीक्षेत तेच काम केस वाचताना समासात पेन्सिलीने चार शब्दांत करायचं.

महिनाभरच हातात असेल आणि पहिलाच साचा अंगवळणी पडला असेल, तर आता मोडू नका. फक्त हितसंबंधी चारवर आणा, मूल्यांचा वेगळा मथळा काढून टाका आणि मूल्याचं नाव कृतीच्या वाक्यातच घ्या: ‘खुलाशाची संधी देईन, कारण निःपक्षपातीपणा ठेकेदारालाही लागू आहे.’ एवढ्याने साठेक शब्द मोकळे होतात. तक्त्याची सवय असेल तर तो (आ) पुरताच ठेवा आणि (इ) सलग वाक्यांत लिहा, कारण कृतीचा क्रम तक्त्यात दिसत नाही.

कोणताही साचा धरलात तरी तो तुमच्यावर स्वार झाला आहे का हे ओळखायची एक तपासणी मी वह्यांवर करतो. उत्तरातली जी वाक्यं जशीच्या तशी दुसऱ्या केसमध्ये खपतील त्यांच्याखाली लाल रेघ मारायची. माझ्या पहिल्या वर्षीच्या सरावाच्या वहीत एका पानावर अकरा रेघा निघाल्या होत्या. टँकर, जीपीएस, सहाय्यक यांतलं काहीच त्या पानावर नसतं तरी उत्तर तसंच राहिलं असतं.