वर्षभराची वीजबिलं आणि एक तक्ता: हाताने टंकावं, एक्सेलने ओढावं की स्क्रिप्ट लिहावी?

महावितरणच्या साइटवरून मागच्या बारा महिन्यांची बिलं उतरवून घेतली, फोल्डर तयार आहे, आता त्यातून दर महिन्याचे युनिट आणि रक्कम एका तक्त्यात आणायची आहे. इथवर आलेल्या माणसासमोर चार वाटा असतात. कोणती धरायची हे मीटर किती आहेत आणि पीडीएफच्या पोटात खरा मजकूर आहे की नुसतं चित्र, या दोनच गोष्टींवर ठरतं.

दुसरी गोष्ट आधी तपासा. पीडीएफ उघडून ग्राहक क्रमांकावर माउस फिरवा. बारा आकडे निवडता आले आणि नोटपॅडमध्ये नीट चिकटले, तर मजकूर आहे. अख्खं पानच निळं झालं किंवा काहीच निवडलं गेलं नाही, तर ते चित्र आहे. कागदी बिलाचा मोबाइलवर फोटो काढून कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली ‘पीडीएफ’ बहुधा याच जातीची असते.

एकच घर, एकच मीटर असेल तर माझं मत सरळ आहे: हाताने टंका. बारा बिलं म्हणजे एका संध्याकाळचंही काम नाही. काहीजण त्याहून सोपा मार्ग काढतात, ताज्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर आलेखात छापलेला असतो तोच उतरवून घेतात. युनिटपुरतं ते चालतं, पण त्यात रक्कम नसते आणि सरासरीने आकारलेला महिनाही खऱ्या वापरासारखाच उभा दिसतो.

एक्सेलची वाट (डेटा मेनूतून पीडीएफ किंवा अख्खं फोल्डर आत घेणं) दिसायला सर्वात आकर्षक. साध्या बँक स्टेटमेंटवर ती छान चालते. वीजबिल मात्र एक तक्ता नसून एकाच पानात कोंबलेले सात-आठ छोटे चौकोन असतात. एक्सेल त्यांना `Table001`, `Table002` अशी नावं देतं आणि एखाद्या महिन्यात थकबाकीची किंवा सूचनेची एक ओळ वाढली की क्रम सरकतो. मग मार्चचे युनिट जिथून आले तिथून एप्रिलला स्थिर आकार येतो. चूक ओरडून सांगत नाही, आकडा गुपचूप बसतो. कोडला हात लावायचाच नसेल आणि दोन-तीन मीटर असतील, तरच इकडे जा.

तीन-चार मीटर असतील, म्हणजे फ्लॅट, गावचं घर, आईवडिलांचं घर आणि सोसायटीचा पंप, तर स्क्रिप्टला पर्याय नाही. सुरुवात `pdftotext` ने करावी. `-layout` दिलं की शब्द पानावर जसे मांडलेत तसेच ओळींत उतरतात:

```
for f in bills/*.pdf; do pdftotext -layout "$f"; done
```

इथे मराठी बिलाची खास अडचण येते. पीडीएफमध्ये फॉन्टची अक्षरं आणि युनिकोड यांचा मेळ नीट बसवलेला नसेल, तर ‘चालू रीडिंग’ पडद्यावर सुबक दिसतं आणि बाहेर येताना वेलांट्या सुटलेली, जोडाक्षरं मोडलेली खिचडी होते. त्यामुळे ‘युनिट’ हा शब्द शोधून पुढचा आकडा घ्यायचा हा साधा बेत फसतो. आकडे मात्र बहुतेक वेळा शाबूत राहतात. म्हणून शब्दाऐवजी जागा धरायची, पायथॉनच्या `pdfplumber` ने:

```
import pdfplumber
with pdfplumber.open("bills/2025-04.pdf") as pdf:
    box = pdf.pages[0].crop((30, 210, 560, 260))
    print(box.extract_text())
```

चार आकडे म्हणजे चौकोनाची डावी, वरची, उजवी आणि खालची कड. मोजमाप पॉइंटमध्ये, पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. 72 पॉइंट म्हणजे एक इंच. वरचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बिलावर ते एकदा जुळवून घ्यावे लागतील. बिलाचा आराखडा बदलला की पुन्हा जुळवायचे, हा या वाटेचा कायमचा खर्च.

चौथी वाट ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. `tesseract` ला `-l mar+eng` दिलं की तो दोन्ही लिपी वाचतो. फोटोतल्या बिलाला दुसरा इलाज नाही, पण मजकूर असलेल्या पीडीएफवर ओसीआर लावणं म्हणजे हातातला बरोबर आकडा टाकून अंदाज घेणं. घडीवर पडलेल्या 1 चा 7 व्हायला वेळ लागत नाही.

वाट कोणतीही असो, तक्त्यात काय घ्यायचं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बहुतेकजण युनिट आणि भरायची रक्कम हे दोनच रकाने करतात, आणि दोन्ही फसवतात.

युनिटचं बघा. समजा मे महिन्यात घर बंद होतं, रीडिंग मिळालं नाही आणि बिल सरासरीने आलं:

| महिना | मागील रीडिंग | चालू रीडिंग | बिलातले युनिट |
|---|---|---|---|
| एप्रिल | 8173 | 8412 | 239 |
| मे | 8412 | 8412 | 210 |
| जून | 8412 | 8891 | 479 |

शेवटच्या रकान्याची बेरीज 928 येते. मीटर मात्र 8173 वरून 8891 वर गेलाय, म्हणजे 718 च युनिट फिरले. मेचे 210 दोनदा मोजले गेले. जूनच्या बिलात त्याची रक्कम वळती होते, पण तुमच्या तक्त्याला ते कळत नाही. त्याला जूनमध्ये एसी रात्रंदिवस चालला असं वाटतं.

म्हणून दोन्ही रीडिंग घ्याच. त्यांच्यामुळे पडताळणीही फुकटात होते: सरासरीचा महिना सोडला तर वजाबाकी बिलावरच्या गुणक अवयवाने गुणली की छापलेले युनिट यायला हवेत, आणि या महिन्याचं मागील रीडिंग गेल्या महिन्याच्या चालू रीडिंगइतकंच हवं. ओसीआरने एप्रिलचं 8412 हे 8472 वाचलं, तर वजाबाकी 299 येईल, बिल 239 म्हणेल आणि मेची साखळीही तुटेल. साखळी खरोखरच तुटली असेल, तर मधलं एखादं बिल राहून गेलंय किंवा मीटर बदललाय.

रकमेचं तसंच. सर्वात ठळक छापलेला आकडा म्हणजे पूर्णांक देयक, आणि त्यात मागची थकबाकी, व्याज किंवा जमा सगळं मिसळलेलं असतं. एक महिना भरणा चुकला की पुढच्या महिन्याचा खर्च दुप्पट दिसतो. वापराचा हिशेब ठेवायचा तर चालू वीज देयकाची ओळ घ्या, म्हणजे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि 16 टक्के वीज शुल्क एवढंच त्यात येईल. दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे रक्कम भागिले युनिट हा आकडा महिन्यागणिक हलणारच; तो हलला म्हणून आकडा चुकीचा वाचला असं समजू नका.

आणखी एक रकाना, रीडिंगच्या तारखा. 35 दिवसांचे 280 युनिट आणि 30 दिवसांचे 240 हा वापर सारखाच आहे, दोन्हीकडे रोजचे आठ. छतावर सोलर असेल, तर आयात आणि निर्यात यांची रीडिंग वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. तिथे बिलातला निव्वळ युनिटचा आकडा घराचा वापर दाखवतच नाही, कारण पॅनेलची दुपारी तिथल्या तिथे वापरलेली वीज या मीटरपर्यंत पोचलेलीच नसते. ती हवी असेल तर इन्व्हर्टरच्या ॲपमधून दर महिन्याची निर्मिती वेगळी उतरवावी लागते.